सरफेस कोड : एका तार्किक क्युबिटासाठी इतके भौतिक क्युबिट का?

मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्यातील डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानविषयक युवा वैज्ञानिक प्रयोगशाळा यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्युबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. हे यश लहान नाही. तथापि या सहा क्युबिटांतून सरफेस कोडचा दोष दुरुस्त करणारा एकही तार्किक क्युबिट उभा राहू शकत नाही. त्याची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

साध्या संगणकात एका बिटाच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेता येते. क्युबिटाबाबत हा मार्ग बंद आहे. अज्ञात क्वांटम स्थितीची हुबेहूब प्रत काढता येत नाही आणि ती मोजू गेल्यास भंग पावते. शिवाय मूल्य उलटणे व कला उलटणे असे दोन प्रकारचे दोष संभवतात. म्हणून क्युबिटांना त्यांचे मूल्य न विचारता शेजाऱ्यांचा परस्परांशी मेळ आहे किंवा नाही, एवढेच तपासावे लागते.

अलेक्सी किताएव यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून सरफेस कोड विकसित झाला. त्याच्या लहान रूपात तीन ओळी व तीन स्तंभांत नऊ माहिती-क्युबिट असतात आणि त्यांच्यामध्ये व कडांवर आठ तपासणी-क्युबिट, एकूण सतरा. मधल्या क्युबिटाचे मूल्य उलटले तर त्याला लागून असलेल्या दोन तपासण्यांचे उत्तर बदलते व दोषाचे स्थान कळते. तपासणीचे मापनही चुकू शकते. म्हणून ती वारंवार करावी लागते.

आता एकाच स्तंभातील वरचे दोन क्युबिट उलटले असे समजू. तपासण्यांची उत्तरे तंतोतंत तीच येतात, जी खालचा एकटा क्युबिट उलटल्यास आली असती. एक दोष दोघांपेक्षा अधिक संभाव्य, म्हणून दुरुस्ती खालच्या क्युबिटाची होते. परिणामी संपूर्ण स्तंभ उलटतो. सर्व तपासण्या निर्दोष दिसतात, पण तार्किक मूल्य बदललेले असते! अशी फसगत टाळण्यासाठी कडा दूर न्याव्या लागतात. या अंतराला d म्हटल्यास एकूण क्युबिट २d²−१ लागतात; पाच अंतराला एकोणपन्नास, सातला सत्त्याण्णव.

अर्थात, वाढलेला प्रत्येक क्युबिट दोषाचे नवे उगमस्थानही असतो. भौतिक दोषदर साधारण एका टक्क्याच्या उंबरठ्याखाली असेल तरच विस्तार लाभदायक ठरतो. गूगलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अंतर दोनने वाढविताच तार्किक दोषदर सुमारे २.१४ पटींनी घटला. सात अंतराला तो प्रतिफेरी सुमारे ०.१४३ टक्के होता. हाच दर दहा लाखांत एकपर्यंत आणण्यासाठी तो सुमारे १४०० पट घटवावा लागेल, म्हणजे असे दहा टप्पे. अंतर सत्तावीस होते आणि क्युबिट १४५७. हा आकडा अटळ नाही. भौतिक दोष कमी झाले की प्रत्येक टप्प्याचा लाभ वाढतो व कमी अंतर पुरते.