घरून काम मागताना मुदत घालून मागा

बाळंतपणाची रजा संपली की अनेक जणींना घरून काम हवे असते. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याला आधार मिळाला. कामाचे स्वरूप तसे असेल, तर रजेनंतर घरून काम करता येते; पण अटी कंपनी आणि कर्मचारी यांच्या संमतीने ठरतात. म्हणजेच हा आपोआप मिळणारा हक्क नाही. अर्ज नीट लिहावा लागतो.

समजा, डोंबिवलीची एक लेखापाल अंधेरीच्या कार्यालयात काम करते. ‘मला घरून काम द्या’ एवढेच लिहिले, तर साहेबांना कायमची सवलत दिसते आणि ते कचरतात. त्याऐवजी तिने लिहावे: ‘सहा आठवडे, मंगळवार आणि गुरुवार घरून. सकाळी 10 ते 1 आणि दुपारी 2 ते 5 फोनवर हजर. निरोपाला अर्ध्या तासात उत्तर. उरलेले काम रात्री 9 ते 11. महिनाअखेरच्या हिशेबाला कार्यालयात.’

यशाची मोजपट्टीही आधीच ठरवावी: बिले वेळेत निघाली का, चुका वाढल्या का. तिसऱ्या आठवड्यात साहेबांशी बोलून घ्यावे. सहकाऱ्यांना वारंवार थांबावे लागत असेल, तर वेळा बदलाव्यात.

जेवढे पाळता येईल तेवढेच लिहून द्या, आणि मंजुरी ईमेलवर घ्या.