एक्स-रेवरची कड येते कुठून?

घाटीच्या ओपीडीत छातीचा एक्स-रे हातात आला की डाग शोधण्याआधी कडा बघा. हवा आणि मांस शेजारी आले तरच कड उमटते. हृदयाची उजवी कड म्हणजे उजवी कर्णिका. तिला उजव्या फुप्फुसाचा मधला खंड टेकलेला असतो. डावं हायलम आणि उजवा डायफ्राम थोडे वर असतात, ते नॉर्मलच.

समजा, उजव्या खालच्या झोनमध्ये पांढरा डाग आहे. हृदयाची कड पुसली, पण डायफ्राम स्पष्ट आहे? मग आजार मधल्या खंडात. उलट असेल तर खालच्या खंडात. म्हणजे झोन एकच, खंड वेगळे!

एक सावधगिरी: छातीचं मधलं हाड आत दबलेलं असेल, तर निरोगी माणसातही उजवी कड पुसट दिसते.