पुढचे प्रकरण शनिवारी

‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापणाऱ्या ह. ना. आपट्यांपासून मराठी वाचकाला हप्त्याहप्त्याने कादंबरी वाचायची सवय आहे. आता तीच रीत इंटरनेटवर आली आहे. फरक असा, की इथे संपादक नाही. वेळापत्रक लेखकाने स्वतःच आखायचे आणि पाळायचे.

इंग्रजीतल्या दोन कादंबऱ्या यासाठी पाहण्यासारख्या आहेत. ‘वाइल्डबो’ या टोपणनावाच्या लेखकाने ‘वर्म’ 2011 ते 2013 या काळात दर मंगळवारी आणि शनिवारी प्रसिद्ध केली. वाचक खिळून राहिले. पण कादंबरी 16 लाख शब्दांच्या पुढे गेली आणि ती संपून दहा वर्षे उलटली तरी तिचे अधिकृत छापील पुस्तक आले नव्हते. अँडी वीअरने 2009 पासून ‘द मार्शियन’ची प्रकरणे आपल्या संकेतस्थळावर टाकली, तीही बरीच सावकाश. वाचकांनी विज्ञानातल्या चुका दाखवल्या, त्याने त्या सुधारल्या. मग वाचकांच्याच आग्रहावरून 2011मध्ये 99 सेंटचे ई-बुक काढले. 2014मध्ये ती क्राउन या प्रकाशन संस्थेकडून आली, तेव्हा ती साधारण एका पुस्तकात मावेल एवढीच होती. पुस्तक काढायचे असेल, तर त्याचा आकार पहिल्या हप्त्याआधीच ठरवायला हवा.

समजा, तुमची कादंबरी 24 प्रकरणांची आहे आणि प्रकरण सुमारे 2,000 शब्दांचे. आठवड्याला एक या हिशेबाने ती साडेपाच महिने चालेल. पहिले प्रकरण टाकण्याआधी शेवट ठरलेला असावा आणि किमान सहा प्रकरणे लिहून हाताशी असावीत. ही शिल्लक तापासाठी, परीक्षांसाठी, दिवाळीसाठी असते. ती दोनवर आली, की धोका ओळखावा आणि पंधरवड्याला एक प्रकरण येईल असे वाचकांना आधीच सांगून टाकावे. उशीर वाचक समजून घेतो. न सांगता पडलेला खंड मात्र त्याला कादंबरी सोडून दिल्यासारखा वाटतो.

आता प्रकरणाच्या शेवटाकडे येऊ. सुनंदाला वारलेल्या वडिलांच्या कागदांत मिरजेतल्या एका खोलीच्या भाड्याची पावती सापडते. ती तिथे जाते, कुलूप उघडते. ‘आत पाहताच ती किंचाळली’ असे लिहून थांबलात आणि पुढच्या शनिवारी आत मांजर निघाले, तर वाचक दुसऱ्यांदा फसणार नाही. त्याऐवजी कुलूप उघडावे आणि खोली नुकतीच झाडलेली दिसावी. इथे काहीही लपवलेले नाही. उलट मिळालेल्या माहितीतूनच नवा प्रश्न उभा राहिला आहे. झाडणारे कोण, हे पुढच्याच प्रकरणात सांगून टाकावे. वडिलांनी खोली कशासाठी घेतली, हा मोठा प्रश्न मात्र वीस प्रकरणे पुरवावा. छोट्या प्रश्नांची उत्तरे वेळेवर मिळत गेली, की मोठ्यासाठी थांबायला वाचक तयार असतो. शिवाय प्रत्येक शेवट धक्क्याचा नको. एखादे प्रकरण निर्णयावर संपावे: सुनंदा भावाला काही न सांगता खोलीचे पुढचे भाडे भरते. एखादे नुसतेच शांतपणे संपावे.

पुस्तक करताना मात्र बरेच काही उलटे करावे लागते. सात दिवसांनी परतणाऱ्या वाचकाला ‘मिरजेची ती खोली, जिचे भाडे वडील गुपचूप भरत’ अशी आठवण द्यावी लागते. पुस्तकाच्या वाचकाने तेच दहा मिनिटांपूर्वी वाचलेले असते. सलग वाचताना या आठवणी खटकतात, त्या कापाव्यात. केवळ आठवडा संपला म्हणून तोडलेली दोन प्रकरणे जोडून एक करावीत. चोवीस ठिकाणी चोवीस झटके बसत असतील, तर निम्मे तरी मवाळ करावेत. पात्रांची वये, तारखा, नाती यांची वही सुरुवातीपासून ठेवली असेल, तर तिसऱ्या प्रकरणातला धाकटा भाऊ सतराव्यात थोरला झालेला वेळीच सापडतो.

शेवटची बाब हक्कांची. ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट योजनेत ई-बुक घातले, तर त्या 90 दिवसांच्या मुदतीत ते डिजिटल स्वरूपात इतरत्र ठेवता येत नाही. नमुना म्हणून साधारण दहा टक्केच मजकूर चालतो. म्हणजे आधीची प्रकरणे उतरवावी लागतात. ज्या मंचावर लिहिता, त्याचा करार ती उतरवू देतो का आणि पुस्तकाचे हक्क तुमच्याकडेच राहतात का, हे पहिले प्रकरण टाकण्याआधी वाचून घ्या. चोवीसावे टाकून झाल्यावर त्याचा उपयोग नाही.