टूथपेस्ट नको, नळ सोडा

कुकरचा चटका बसला तर काय लावाल? बाईंनी नववीच्या वर्गाला विचारलं आणि फळा भरून गेला: हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, बर्फ. मग बाईंनी एकेका शब्दावर काट मारली आणि खाली लिहिलं: साधं पाणी, वीस मिनिटं.

तवा बाजूला झाला तरी कातडीत शिरलेली उष्णता आतल्या आत भाजत राहते. टूथपेस्ट ती कोंडून ठेवते, वर डॉक्टरांना जखम बघण्याआधी ती खरवडावी लागते. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते.

मग जोड्या लागल्या. एकाने हात नळाखाली धरायचा, दुसऱ्याने घड्याळ बघायचं. सूज येण्याआधी बांगडी, अंगठी, घड्याळ काढायचं कामही त्याचंच. चौथ्या मिनिटाला ‘रुग्ण’ कंटाळतो, आणि घरीही नेमकं इथंच चुकतं. नळाला पाणी नसेल तर तांब्याने हळूहळू ओतायचं. खाली घमेलं ठेवलं की टंचाईच्या गावातही ते झाडांना जातं. भाजल्यावर तीन तासांच्या आत हे केलं तरी उपयोग होतो. फोड मात्र फोडायचे नाहीत. चेहरा भाजला असेल किंवा जखम तळहातापेक्षा मोठी असेल, तर पाणी ओतून झाल्यावर थेट दवाखाना.

कापण्याच्या सरावात पाण्याऐवजी घडी केलेला रुमाल असतो. जोडीदाराच्या हातावर तो दाबून धरायचा, तोही सलग दहा मिनिटं. ‘थांबलं का बघू’ म्हणून मध्येच रुमाल उचलला, तर नुकतीच धरलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा वाहू लागतं. रुमाल भिजला तर तो तसाच ठेवून वर दुसरा ठेवायचा. काच रुतली असेल तर ती उपसायची नाही, तिच्या दोन्ही बाजूंना दाब द्यायचा.

रक्त बघूनच कुणाला भोवळ येते. कुणी परिपाठात, उपाशीपोटी उन्हात उभं असताना पडतं. मेंदूकडे जाणारं रक्त क्षणभर कमी झालेलं असतं, म्हणून उपाय आडवं करण्यात आहे. चारचौघं मात्र नेमकं बसतं करायला धावतात! जोडीदाराला उताणं निजवून पाय दप्तरावर उचलून ठेवायचे, गर्दी मागे सारायची. कांदा हुंगवायचा नाही, आणि पुरती शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही. मिनिटभरात माणूस बोलू लागला नाही, तर श्वास तपासायचा, तो नीट चालत असेल तर कुशीवर वळवायचं आणि १०८ लावायचा. श्वास थांबला असेल तर फोन सुरू ठेवूनच छाती दाबायला सुरुवात करायची.

फोनवर पहिला प्रश्न येतो, कुठून बोलताय? त्यामुळे तासाच्या शेवटी प्रत्येक जोडी एकमेकांकडून शाळेचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण म्हणून घेते. पहिल्या फेरीत निम्म्या वर्गाला पत्ता सांगता आला नाही.