कोटा वाढवून मागताना

‘संशोधनासाठी क्लाउडवर जास्त जागा मिळावी’ एवढंच लिहिलेलं पत्र आयटी विभागात बहुधा पडून राहतं. त्यांचाही नाइलाज असतो. गूगलने शैक्षणिक संस्थांची अमर्याद साठवण बंद करून संपूर्ण संस्थेला मिळून मूळ १०० टीबीची मर्यादा घातली. एका विभागाला जागा वाढवून द्यायची तर ती त्याच साठ्यातून जाते.

म्हणून पत्रात हिशेब हवा. समजा, भूगोल विभाग सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांचा अभ्यास करतो आहे. दर पाच दिवसांनी एक चित्र, प्रत्येक साधारण १ जीबीचं. पावसाळ्यातली ढगाळ चित्रं वगळली तर वर्षाला ४८ उरतात. तीन चौकटी आणि पाच वर्षं धरली की ७२० जीबी होतात.

इथे आयटीवाला विचारेल, आणि त्याने विचारावंच, की ही चित्रं कोपर्निकसच्या संकेतस्थळावरून फुकट पुन्हा उतरवता येतात, मग साठवायची कशाला? खरंच, मूळ चित्रं काम संपल्यावर पुसता येतात. फक्त त्यांची यादी जपायची. शेतातल्या नोंदी आणि ड्रोनचे फोटो मात्र पुन्हा मिळत नाहीत, कारण तो हंगाम गेलेला असतो. तेव्हा कायमची जागा फक्त यांच्यासाठी मागावी, बाकीची दोन वर्षांच्या मुदतीने.

आणि ही जागा विभागाच्या सामाईक ड्राइव्हवर मागा. विद्यार्थ्याच्या खात्यावर ठेवलेला डेटा ते खातं बंद होऊन पुसलं गेलं की त्याच्यासोबत जातो.