फळीवरच्या पाकिटानं आधी काय सांगावं?

आज पाकिटाच्या दर्शनी बाजूबद्दल बोलू या. प्रदर्शनात स्टॉलवर आपण स्वतः उभ्या असतो. "ताई, जवसाची चटणी आहे, चाखून तर बघा," म्हणतो आणि पाकीट खपतं. दुकानाच्या फळीवर मात्र आपण नसतो. तिथं दोन्ही बाजूंना दुसऱ्यांची पाकिटं खेटून उभी असतात आणि गिऱ्हाईक बाईची नजर दोन-तीन सेकंदांत पुढं सरकते. तेवढ्यात तिला तीनच गोष्टी कळू शकतात: आत काय आहे, हेच का घ्यावं, आणि आपल्या घरी चालेल का.

आमच्याकडच्या एका गटानं तालुक्याच्या दुकानात जवसाच्या चटणीची 40 पाकिटं ठेवली होती. महिन्याभरानं 29 परत आली. परत आलेला माल गटाच्याच माथी, आणि मुदतही थोडीच उरलेली. चवीत खोट नव्हती, कारण आठवडी बाजारात हीच चटणी हातोहात जायची. मग आम्ही सगळ्याजणी पाकीट समोर ठेवून बसलो. वर देवीचं चित्र, त्याखाली सगळ्यांत मोठ्या अक्षरांत गटाचं नाव, मग पत्ता, दोन मोबाइल नंबर, साहित्य, 'शुद्ध व घरगुती', आणि तळाशी बारीक 'जवस चटणी'. तेही पारदर्शक पिशवीवर लाल शाईनं. मागं काळपट तपकिरी चटणी. चार हातांवरून ते नाव दिसतच नव्हतं.

गटाचं नाव लहान करायला बायका तयार नव्हत्या. बरोबरच आहे, ते नाव मिळवायला वर्षं गेलीत. पण नव्या गिऱ्हाइकाला त्या नावावरून आत चटणी आहे की पापड, हे कळत नाही. शेवटी ठरलं, की गटाचं नाव वरच्या डाव्या कोपऱ्यात, लहान पण प्रत्येक मालावर त्याच जागी. जुनी गिऱ्हाइकं तिथंच बघतील. देवीचं चित्र काढलं. रिकामं पाकीट कचऱ्यात जातं, हे एका आजींनी सांगितल्यावर कुणी वाद घातला नाही.

'जवस चटणी' हे दोन शब्द दोन ओळींत, अक्षरं जवळजवळ दोन सेंटिमीटर उंच, पांढऱ्या स्टिकरवर गडद रंगात. त्याखालची ओळ नावाच्या निम्म्यापेक्षा लहान. फरक थोडाच ठेवला, की दोन्ही ओळी एकमेकींशी भांडतात आणि नजर कुठंच थांबत नाही. नक्षीदार जाड अक्षरं टाळा. त्यात 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' दुरून सारखेच दिसतात, आणि ओळी चिकटल्या तर वेलांटी वरच्या ओळीत घुसते.

दुसरी ओळ म्हणजे आपलं वचन. 'शुद्ध', 'घरगुती' हे शब्द शेजारच्या पाकिटांवरही असतात. शिवाय गिऱ्हाइकाचा गैरसमज होईल अशा शब्दांवर अन्न सुरक्षेच्या नियमांत बंधनं आहेत, आणि अमुक आजार बरा होतो असं तर लिहायचंच नाही. हा गट चटणी खरोखर उखळात कुटतो. म्हणून लिहिलं, 'उखळात कुटलेली'. उद्या मागणी वाढून मिक्सर घेतला, तर ही ओळ बदलावीच लागेल.

तिसरी गोष्ट कोणती, हे दुकानदाराला विचारा. गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन काय विचारतं? इथं प्रश्न एकच होता: "लसूण आहे का?" म्हणून खाली एका पट्टीत 'बिनलसणाची'. लसूण घातलेल्या चटणीला पाकीट तेच, फक्त पट्टीचा रंग आणि शब्द वेगळा.

शाकाहाराचा हिरवा ठिपका नावाप्रमाणेच दर्शनी बाजूला हवा. वजनही तिथंच खालच्या कोपऱ्यात ठेवलं. साहित्य, परवाना क्रमांक, किंमत, तारखा, पत्ता, फोन हे सगळं मागं, पण वाचता येईल असं.

स्टिकर छापायला टाकण्याआधी खऱ्या मापाची काळीपांढरी झेरॉक्स काढा आणि भरलेल्या पाकिटावर चिकटवा. रिकाम्या पिशवीवर नको. भरल्यावर पाकीट फुगतं आणि कडेची अक्षरं वळून मागं जातात. ते दुसऱ्या पाकिटांमध्ये ठेवा. पूर्वी न पाहिलेल्या बाईला सहा-सात फुटांवर उभं करा, तीन मोजा आणि पाकीट झाका. मग विचारा, काय होतं, कसं होतं, लसूण होता का? आमच्या पहिल्या झेरॉक्सला पाचपैकी तिघींना पट्टी आठवली नाही. पट्टी तळाच्या घडीत दबत होती. दोन बोटं वर घेतली आणि दुसऱ्या पाचजणींना बोलावलं. त्या पाचही जणी म्हणाल्या, "बिनलसणाची." त्यानंतरच स्टिकर छापायला दिले.