नावाच्या शेवटात दडलेलं औषध

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी सुरू होते आणि औषधांच्या नावांनी मुलं घाबरून जातात. अशा ज्युनियर्ससमोर बोलताना त्या विषयात पहिली आलेल्या सीनियरने फळ्यावर चारच नावं लिहिली: एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन. ‘‘आधी नावांचे शेवट वाचा,’’ ती म्हणाली.

हे शेवट योगायोगाने जुळलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटना १९५३पासून औषधांच्या मूळ नावांच्या याद्या प्रसिद्ध करते आणि एका गटातल्या औषधांच्या नावांत सहसा समान तुकडा ठेवते. गोळीच्या पाकिटावर ब्रँडच्या जवळच ते मूळ नाव छापलेलं असतं.

पण शेवट ओळखणं ही नुसती सुरुवात, हे तिने पुढे दाखवलं. आपल्या शरीरात एसीई नावाचं एन्झाइम अँजिओटेन्सिन-२ तयार करतं. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. ‘प्रिल’ गट हे एन्झाइमच रोखतो. ‘सार्टन’ गट अँजिओटेन्सिन-२ तयार होऊ देतो, मात्र ते जिथे जाऊन चिकटतं ती जागा अडवतो.

‘‘आता दुष्परिणाम पाठ करू नका, काढा,’’ असं म्हणून तिने एक रुग्ण मांडला. रामिप्रिल सुरू केल्यावर काही आठवड्यांनी कोरडा खोकला लागला. ताप नाही, छाती स्वच्छ. एसीई हे एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचा निचराही करतं. ते रोखलं की ब्रॅडिकायनिन साचतं, घसा खवखवतो. क्वचित ओठ-जीभ सुजते, आणि ती सूज जिवावर बेतू शकते. सार्टन एन्झाइमला हातच लावत नाही, म्हणून या रुग्णाला डॉक्टर टेल्मिसार्टन देतात आणि खोकला हळूहळू थांबतो.

पोटॅशियमचं काय? अँजिओटेन्सिन-२ अल्डोस्टेरॉन वाढवून पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकायला लावतं. दोन्ही गट त्याचंच काम थांबवतात, त्यामुळे दोन्हींत पोटॅशियम चढू शकतं. गोळी बदलली तरी रक्ततपासणी सुटत नाही. गर्भाच्या मूत्रपिंडांनाही अँजिओटेन्सिन-२ लागतं, म्हणून गरोदरपणात दोन्ही गट वर्ज्य. एका यंत्रणेतून इतकं सगळं निघतं, हे मला या भाषणातलं सर्वांत मोलाचं वाटलं.

घाईने वाचलं की हाच शेवट फसवतो. ओमेप्राझोल आम्लपित्तावर, तर अ‍ॅरिपिप्राझोल स्किझोफ्रेनियावर दिलं जातं. फरक ‘पिप्राझोल’मधल्या एका अक्षराचा, म्हणून पूर्ण तुकडा तपासायचा.

तिच्या वहीत एका गटाला एक पान असे. वर यंत्रणा, खाली तिच्यातून निघणारे परिणाम, आणि तळाशी गटापेक्षा वेगळं वागणारी औषधं. घोकायचं फक्त तळाचं. प्रिलच्या पानावर तिथे लिसिनोप्रिल होतं: एनालाप्रिल आणि रामिप्रिल मुख्यतः यकृतात बदलल्यावर काम करतात, लिसिनोप्रिल मात्र आहे तसंच काम करतं, त्यामुळे यकृत बिघडलेल्या रुग्णात त्याचा विचार आधी होतो.